अण्णांची एफडी आणि हरवलेले साडेपाच हजार

दिवाळीला गावी जायचं म्हणजे हिंजवडीतून लॅपटॉप बंद करायचा, रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायची आणि पहाटे अंबाजोगाईत उतरायचं. चहा होतो न होतो तोच अण्णांचा ठरलेला प्रश्न येतो, ‘पैसे कुठं ठेवलेस?’

जून २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे मी घरीच होतो. साठवलेले एक लाख रुपये अण्णांच्या आग्रहाखातर एफडीत टाकले. तेव्हा बँका ठोकळमानाने पाच टक्के देत होत्या. तीन वर्षांनी हातात १ लाख १५ हजार ७०० च्या आसपास आले आणि अण्णा खूश. ‘बघ, पंधरा हजार आयते मिळाले की!’

मी मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडला आणि पचका झाला. जून २०२० ते जून २०२३ या काळात देशातली किरकोळ महागाई सुमारे १९ टक्क्यांनी वाढली होती. म्हणजे २०२० मध्ये जी खरेदी एक लाखात झाली असती, तिला आता १ लाख १९ हजार लागणार. त्यात माझा स्लॅब वीस टक्क्यांचा. व्याजावरचा टॅक्स गेला की पाचाचे चार टक्के उरतात आणि हातात येतात साधारण १ लाख १२ हजार ५००. त्यांची किंमत २०२० च्या रुपयांत मोजली तर भरते फक्त साडेचौऱ्याण्णव हजार! पासबुकात आकडा वाढला आणि साडेपाच हजार गुपचूप गायब झाले. चोर कोण, तर कुणीच नाही.

आमच्या बीडमध्ये हे कोड्यासारखं वाटत नाही. ऊसतोड मजुरांच्या मजुरीत ऑक्टोबर २०२० मध्ये १४ टक्के वाढ ठरली आणि पुढची, ३४ टक्क्यांची, थेट जानेवारी २०२४ मध्ये. मधली तीन वर्षं टनाचा दर तोच होता, पण किराणा दुकानदार काही तीन वर्षांचा करार करत नाही. ज्याला आपला दर पटकन बदलता येत नाही, त्याच्या खिशातून महागाई वसूल होते. एफडीवाल्याचंही तेच.

मग लोक काय करतात? जास्त व्याजाच्या मागे धावतात. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी बँकेतून पैसे काढून बारा टक्के देणाऱ्या मल्टीस्टेटमध्ये ठेवले. २०२३ नंतर बीड जिल्ह्यात अशा काही संस्थांत हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले, त्यात काकाही होते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. हे तेव्हा कुणी विचारलंच नाही!

म्हणूनच रिझर्व्ह बँक महागाईच्या मागे हात धुऊन लागते. २०१६ मध्ये कायद्यात बदल झाला आणि लक्ष्य ठरलं चार टक्के, दोन इकडे किंवा दोन तिकडे. शून्य का नाही? कारण सगळेच भाव गोठले की धंदा थंडावतो, आणि उद्या स्वस्त मिळेल म्हणून लोक खरेदी लांबवतात. एप्रिल २०२२ मध्ये महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. मे महिन्यात रेपो दर चार टक्क्यांवरून चढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला. रेपो म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून मिळणाऱ्या उसन्या पैशाचा दर. तो वाढला की तुमचा ईएमआय वाढतो, नवा फ्लॅट पुढच्या वर्षावर जातो, व्यापारी कर्जावर माल भरायला कचरतो. मागणी सैलावली की भाव वाढवायची हिंमतही कमी होते. शिवाय सगळ्यांनीच ‘पुढच्या वर्षी दहा टक्के महाग होणार’ असं गृहीत धरलं, तर प्रत्येक जण आधीच दहा टक्के वाढवून मागतो आणि महागाई खरोखर दहावर जाते. हे चक्र सुरू व्हायच्या आत तोडायचं असतं.

अर्थात, रेपो वाढवून टोमॅटो पिकत नाहीत. २०१२ पायाच्या महागाई निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळजवळ ४६ टक्के होता आणि पावसावर रिझर्व्ह बँकेची सत्ता नाही. उलटही होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाई पाव टक्क्यावर आली आणि माझ्यासारख्या एफडीवाल्याला चक्क फायदा झाला. मी उत्साहाने अण्णांना फोन केला.

‘भाजीपाला, डाळी स्वस्त झाल्या म्हणून ना?’ अण्णा म्हणाले. ‘मग पिकवणाऱ्याला काय मिळालं, ते तुझ्या चुलत्याला विचार.’

चुलत्यांना फोन लावायचं धाडस मी अजून केलेलं नाही.