पिशवी साफ केल्यावर पाळी आटली तर...

पोट पडले, वार अडकली किंवा गर्भपात करून घेतला म्हणजे दवाखान्यात पिशवी साफ करतात. आपल्याकडे याला कोणी क्युरेटिंग म्हणतात, कोणी पिशवी धुणे म्हणतात. बहुतेक बायांना त्यापासून काही त्रास होत नाही. महिना दीड महिन्यात पाळी पूर्वीसारखी सुरू होते आणि पुढे दिवसही राहतात. पण काही जणींची पाळी त्यानंतर येतच नाही, किंवा चार दिवसांची होती ती एका दिवसावर येते. घरात कोणी म्हणते अशक्तपणा आहे, कोणी म्हणते अंगात उष्णता झाली. वर्ष दोन वर्षे अशीच जातात, मूल राहत नाही, आणि सगळा बोल सुनेच्या माथी येतो. खरे कारण पुष्कळदा पिशवीच्या आत असते. तिथे जखमेचे वण धरून आतल्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात.

हा विकार काही नवा नाही. हाइन्रिख फ्रिच या जर्मन डॉक्टरांनी 1894 साली बाळंतपणानंतर पिशवी खरडल्यावर पाळी बंद झालेल्या बाईची हकिकत लिहिली होती. पुढे 1948 साली जोसेफ ॲशरमन या डॉक्टरांनी अशा 29 बायांची नीट माहिती दिली. तेव्हापासून या विकाराला ॲशरमनचा विकार म्हणतात.

खोडवा का फुटत नाही?

गर्भाशयाच्या आतून मऊ अस्तर असते. त्याचे दोन थर. वरचा थर दर महिन्याला वाढतो आणि गर्भ राहिला नाही तर रक्ताबरोबर पडून जातो. हीच पाळी. खालचा पातळ थर मात्र कधी पडत नाही. त्याच्यातूनच पुढच्या महिन्याचे अस्तर पुन्हा फुटते.

ऊस लावणाऱ्या घराला हे लगेच समजेल. ऊस तोडून नेला तरी जमिनीत खोड राहते, त्याचे डोळे शाबूत असतात, म्हणून खोडवा फुटतो. पण खोडकीच उपटून टाकली तर कितीही पाणी आणि खत दिले तरी तिथे कोंब येणार नाही. पिशवी साफ करताना धारदार चमच्यासारखे हत्यार जोराने फिरले, किंवा पुन्हा पुन्हा फिरले, तर खालचा थरही खरडला जातो. मग त्या जागी अस्तर फुटत नाही.

शिवाय गर्भाशय ही रिकामी असताना चपटी पिशवी असते. तिची पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेली असते. दोन्ही भिंतींवर उघडी जखम असेल तर ती भरताना भिंती एकमेकींना धरतात. सुरुवातीला हे धागे कोळ्याच्या जाळ्यासारखे पातळ असतात. पुढे ते दोरीसारखे घट्ट होतात. कधी पिशवीचा एखादा कोपराच बुजतो, तर कधी सगळी पोकळी बंद होते.

धोका सर्वांत जास्त असतो तो गरोदरपणानंतरच्या सफाईत. त्या वेळी पिशवी मऊ पडलेली असते, म्हणून हत्यार सहज खोल जाते. त्यातही बाळंतपणानंतर दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, राहिलेला वारेचा तुकडा काढण्यासाठी खरडावे लागले तर भीती अधिक. तेव्हा अंगावर पाजणाऱ्या बाईच्या शरीरात अस्तर वाढवणारा रस कमी असतो आणि जखमेवर नवे अस्तर लवकर चढत नाही. दोनदा तीनदा सफाई झाली तर भीती आणखी वाढते.

खुणा कशा ओळखाव्यात?

पहिली खूण पाळीची. सफाईनंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत पाळी आली नाही, तर आधी पुन्हा दिवस राहिले नाहीत ना याची लघवीची तपासणी करावी. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी तशीही लांबते, हे ध्यानात ठेवावे. तसे काही नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. पाळी येते पण पूर्वीच्या मानाने फारच थोडी, कापडाला डाग लागण्यापुरती, हीही खूणच आहे.

दुसरी खूण दुखण्याची. दर महिन्याला ठरल्या दिवशी ओटीपोटात कळा येतात, पण अंगावर काही जात नाही. पिशवीचे तोंड चिकटून बंद झाले असेल आणि वर अस्तर शिल्लक असेल, तर रक्त आत साचते म्हणून असे होते.

तिसरी खूण म्हणजे दिवस न राहणे, किंवा राहून वरचेवर पोट पडणे. गर्भाला रुजायला मऊ जागा लागते. वणावर तो रुजत नाही, रुजला तरी टिकत नाही. मात्र पाळी नीट येणाऱ्या बाईच्या पिशवीतही थोडे चिकटलेले असू शकते.

अशा बाईची बीजकोशे बहुधा चांगली असतात. महिन्याच्या महिन्याला बीज तयार होते, छातीही जड होते. म्हणजे तिच्या अंगात स्त्रीपणाचे काही कमी झालेले नसते. बिघाड फक्त पिशवीच्या अस्तरात असतो. म्हणूनच पाळी येण्याच्या गोळ्यांचा तिला उपयोग होत नाही.

एक उदाहरण

समजुतीसाठी असे उदाहरण घेऊ. चोवीस वर्षांची सून. पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यात पोट पडले, रक्त फार जाऊ लागले म्हणून पिशवी साफ केली. रक्त थांबेना, तुकडा राहिला म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा साफ केली. आधी तिची पाळी चार दिवस राहत असे. आता एकच दिवस, तीही डागापुरती. दोन वर्षे झाली, दिवस राहत नाहीत. एका ठिकाणी गोळ्या दिल्या, फरक पडला नाही. मग सल्ला मिळाला, "पिशवी पुन्हा एकदा धुऊन घ्या, म्हणजे पाळी मोकळी होईल."

इथेच थांबले पाहिजे. खरडल्यामुळे चिकटलेली पिशवी पुन्हा खरडली तर उरलेसुरले अस्तरही जाते.

योग्य क्रम असा. आधी नवऱ्याचे वीर्य तपासून घ्यावे, कारण ती तपासणी सोपी आहे आणि दोष दोघांपैकी कोणाचाही असू शकतो. मग सुनेची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी. सोनोग्राफीत अस्तर पातळ किंवा तुटक दिसले तर शंका बळावते. पुढे पाळी संपल्यावर, दहाव्या दिवसाच्या आत, पिशवीत औषध सोडून एक्स-रे काढतात. औषध जिथे पोचत नाही ती जागा फोटोत रिकामी दिसते. यात पाळीसारख्या कळा येतात, पण थोड्या वेळाने थांबतात. नळ्या उघड्या आहेत की नाहीत हेही त्यातच कळते.

खात्रीची तपासणी दुर्बिणीची. बारीक दुर्बीण योनिमार्गाने पिशवीत घालतात. पोटावर छेद लागत नाही. डॉक्टरांना आतले धागे डोळ्यांनी दिसतात आणि ते बारीक कात्रीने कापताही येतात. आपल्या उदाहरणातल्या सुनेच्या पिशवीत मधोमध एक जाड पट्टा आणि डाव्या कोपऱ्यात पातळ जाळे निघाले, असे समजू. दोन्ही कापले. पण कापलेल्या भिंती पुन्हा चिकटायला बघतात. म्हणून काही दिवस आत छोटा फुगा किंवा तांबीसारखी वस्तू ठेवून भिंती वेगळ्या राखतात, आणि अस्तर वाढवणाऱ्या गोळ्या काही आठवडे देतात. महिना दोन महिन्यांनी दुर्बीण पुन्हा घालून बघतात. पुन्हा धागे धरले असतील तर तेव्हा ते कोवळे असतात, लगेच सुटतात. ही दुसरी तपासणी पैसे वाचवायला टाळू नये.

काय होते, काय होत नाही

धागे पातळ आणि थोडे असतील तर गुण चांगला येतो. पाळी सुधारते आणि पुष्कळ जणींना दिवस राहतात. सगळी पोकळी बुजली असेल, तर एकाहून अधिक वेळा दुर्बीण घालावी लागते, आणि पाळी आली तरी मूल राहीलच असे सांगता येत नाही. पिशवीला भोक पडण्याचा धोकाही अशा वेळी असतो. म्हणून हे काम सरावलेल्या हाताकडेच द्यावे. जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी.

दिवस राहिले तरी काम संपले असे नाही. वणाच्या जागी वार भिंतीत खोल रुतून बसू शकते आणि बाळंतपणात सुटत नाही. मग रक्त फार जाते. म्हणून अशा बाईचे बाळंतपण घरी किंवा लहान दवाखान्यात करू नये. रक्त देण्याची आणि शस्त्रक्रियेची सोय असेल तिथेच नाव घालावे, आणि मागची सगळी हकिकत डॉक्टरांना सांगावी.

आपल्या देशात आणखी एक गोष्ट विसरू नये. पिशवीला क्षय झाला तरी भिंती अशाच चिकटतात आणि पाळी आटते. तेव्हा सफाई झालेली नसतानाही या खुणा दिसल्या तर क्षयाची तपासणी जरूर करावी. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

आधीच काय जपावे?

रक्त धो धो जात असेल तर पिशवी साफ करावीच लागते. तिथे भिऊन मागे सरू नये, जीव पहिला. पण घाई नसेल तर डॉक्टरांना विचारावे, की गोळ्यांनी पिशवी आपोआप रिकामी होईल का? साफच करायची तर धारदार चमच्याऐवजी ओढून घेणाऱ्या पंपाने करता येईल का? जागतिक आरोग्य संघटनाही पंपाचीच पद्धत सुचवते. त्यात इजा कमी होते, तरी अगदीच होत नाही असे नाही.

गर्भपाताच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत. अर्धवट पडले की मग खरडण्याची पाळी येते, कधी दोनदा. आपल्याकडे 1971 च्या कायद्याने नोंदलेल्या केंद्रात, कायद्याने ठरवलेल्या मुदतीत आणि कारणांसाठी गर्भपात करून घेता येतो. तिथेच जावे.

आणि दवाखान्याचा कागद फेकू नये. सफाई कोणत्या तारखेला झाली, किती आठवडे होते, कशाने केली, किती वेळा केली, एवढे त्यावर लिहून घ्यावे. त्यानंतरच्या पहिल्या तीन पाळ्यांच्या तारखा आणि किती दिवस गेले हे घरच्या दिनदर्शिकेवर मांडावे. पुढे कधी पाळी आटली, तर हे दोन कागद पाहूनच डॉक्टरांना पहिली दिशा मिळते.