मुलांच्या कामांचा तक्ता

मुलांसाठी केलेला कामांचा तक्ता हा साधा कागद असतो. वर आठवड्याचे वार, डाव्या बाजूला कामे आणि मध्ये चौकटी. तो चालेल की नाही हे बरेचसे कामांच्या निवडीवर ठरते. ‘शहाण्यासारखे वागणे’ असे काम लिहिले, तर ते झाले की नाही यावरून रोज वाद होतो. ‘डबा आणि बाटली ओट्यावर ठेवणे’ हे झाले की सगळ्यांना दिसते.

दुसरी-तिसरीतल्या मुलाला सुरुवातीला तीन कामे पुरतात. समजा, शाळेतून आल्यावर बूट जागेवर ठेवणे, डबा-बाटली ओट्यावर ठेवणे आणि रात्री दप्तर भरणे. आठवण घड्याळाला न जोडता रोज घडणाऱ्या गोष्टीला जोडावी. ‘साडेआठला दप्तर’ यापेक्षा ‘जेवण झाले की दप्तर’ हे मुलाच्या ध्यानात राहते, कारण जेवण उशिरा झाले तरी खूण बदलत नाही. पालकांनी एकदाच, तेही ‘तक्ता बघ’ एवढेच म्हणावे. पाचदा सांगून काम झाले, तर मूल पाचव्या हाकेची वाट पाहायला शिकते.

काम झाल्या झाल्या मुलाने स्वतःच्या हाताने चांदणी चिकटवावी. सगळ्या चांदण्या रविवारी एकदम लावल्या तर लहान मुलाला कामाशी त्यांचा संबंध लागत नाही. शाळेचे सहा दिवस धरले तर 18 चौकटी होतात. पहिल्या आठवड्यात 10 चांदण्यांना बक्षीस ठेवावे, कारण पहिले बक्षीस हुकले तर मुलाचा तक्त्यातला रस जातो. सहज 13 येऊ लागल्या की आकडा 14 करावा. बक्षीस लहान असावे: रविवारचा नाश्ता मुलाने ठरवायचा किंवा बागेत अर्धा तास जास्त. मिळालेली चांदणी भांडणाची शिक्षा म्हणून कधीही काढून घेऊ नये. ती झालेल्या कामाची नोंद असते.

शनिवारी तक्ता वाचावा. बुटांच्या ओळीत 6, डब्याच्या ओळीत 5 आणि दप्तराच्या ओळीत 1 चांदणी असेल, तर रागवण्याआधी त्या कामाची अडचण शोधावी. बहुधा जेवणानंतर मुलाला झोप आलेली असते आणि वेळापत्रक कुठल्याशा वहीत असते. वेळापत्रक भिंतीवर चिकटवून दप्तराचे काम जेवणाआधी घेतले की ओळ भरू लागते. एखादी ओळ दोन-तीन आठवडे न सांगता भरली, की ते काम तक्त्यातून काढावे आणि त्याबद्दल कौतुकाचा शब्द तेवढा चालू ठेवावा.

बक्षिसाची एक मर्यादा मात्र पक्की ध्यानात ठेवायला हवी. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये चित्रे काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना चित्रांसाठी बक्षीस कबूल केले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळात इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. म्हणून मूल जे आवडीने करते, मग ते वाचन असो वा झाडांना पाणी घालणे, ते तक्त्यात घालू नये.