वर्गमित्राची पदोन्नती

रात्री अकराच्या सुमारास लिंक्डइन उघडले आणि एका जुन्या मित्राच्या पदोन्नतीची वार्ता समोर आली. नागपुरात आम्ही एकाच वसतिगृहात राहिलो. शिष्यवृत्ती येईपर्यंत खानावळीची उधारी दोघांनीही सांभाळली. आता तो लंडनमध्ये अभियांत्रिकी विभागाचा प्रमुख झाला होता. अभिनंदनाचे तयार वाक्य खाली होतेच. ते पाठवले, आणि बराच वेळ झोप आली नाही.

एखाद्या अब्जाधीशाच्या यशाने माझी झोप कधी उडाली नव्हती. माणूस स्वतःला आपल्यासारख्यांशीच ताडून पाहतो, असे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडले होते. लिंक्डइनवर आपल्यासारखेच लोक जोडलेले असतात, आणि ते निकाल तेवढे कळवतात, परिस्थिती कळवत नाहीत. आपल्या लोकांत आणखी एक काटा असतो. समाजबांधवाचे यश म्हणजे आपले यश, असे आपण मनापासून मानतो. म्हणून मत्सराबरोबर अपराधीपणही येते आणि हे कोणाजवळ बोलता येत नाही.

पुढच्या रविवारी मी त्याला फोन केला. चार वर्षांत त्याने तीन नोकऱ्या बदलल्या होत्या. कुशल कामगार व्हिसा त्याच्या पत्नीचा. तो तिच्यावर अवलंबित म्हणून आलेला, त्यामुळे कोणत्याही कंपनीत जाण्यास मोकळा. माझा व्हिसा मात्र कंपनीच्या प्रायोजकत्वावर. नोकरी बदलायची तर नवा प्रायोजक आणि नवा अर्ज. नोकरी गेली तर साधारणपणे साठ दिवसांची मुदत. त्या रात्री मी ज्याला माझी कुवत समजलो, त्यातला मोठा भाग व्हिसाच्या अटींचा होता. सगळा नव्हे, तो मेहनती आहेच.

मग तो म्हणाला, "तुझा पदवीदानाचा फोटो पाहून मीही दोन दिवस बेचैन होतो रे." घरच्या कर्जापायी त्याचे पदव्युत्तर शिक्षण राहिले होते. माझा प्रबंध एकदा दुरुस्तीसाठी परत आला होता, हे मी त्या फोटोखाली लिहिले नव्हते. बाबासाहेबांनी १९२२ साली लंडन विद्यापीठाला सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधही सुधारून मागितला गेला होता, आणि डी.एस्सी. १९२३ मध्ये मिळाली, हे आपण जयंतीला अभिमानाने सांगतो. स्वतःचे तेवढे लपवतो.

पाली वाङ्मयात 'मान' तीन प्रकारचा सांगितला आहे: मी श्रेष्ठ, मी हीन, आणि मी समान. तिसरा प्रकार मला पूर्वी निरुपद्रवी वाटे. "आम्ही बरोबरीचे होतो" याच वाक्याने त्या रात्री झोप उडवली होती. हे संयोजन अर्हतपदीच तुटते म्हणतात, तेव्हा माझे इतक्यात तुटेल असे दिसत नाही.

मित्राची जोडणी मी ठेवली आहे. फक्त त्याच्या पोस्ट दिसणे बंद केले आहे. लिंक्डइनवर तशी सोय आहे आणि समोरच्याला ते कळवले जात नाही. मी मात्र त्याला सांगून टाकले. तो हसला, आणि त्यानेही माझ्या बाबतीत तेच केले.