पावसाळ्यात अर्धवट भरलेली बॅटरी आणि शिसे-कार्बन बॅटरीचा उपयोग

खरीप पिकांच्या रक्षणासाठी सौर झटका यंत्राचा वापर आता अनेक ठिकाणी होऊ लागला आहे. दिवसा सौर पट्टीने बॅटरी भरावयाची व रात्री त्या बॅटरीवर कुंपणाचे यंत्र चालवावयाचे, अशी ही साधी योजना आहे. तथापि, ज्या महिन्यांत रानडुकरांचा उपद्रव सर्वांत अधिक असतो, त्याच महिन्यांत आकाश ढगाळ असते. त्यामुळे बॅटरी पूर्ण भरत नाही आणि दोन-तीन पावसाळ्यांतच ती निकामी होते. असे का होते, व शिसे-कार्बन या नावाने मिळणाऱ्या बॅटरीने ही हानी कितपत टळते, याची माहिती या लेखात दिली आहे.

प्रथम एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. सह्याद्रीच्या पायथ्याशी एका शेतकऱ्याने भुईमुगाच्या शेताला झटका यंत्राचे कुंपण केले होते. यंत्रास १२ व्होल्टची, ४० अँपिअर-तास क्षमतेची, पाणी घालावयाची नळीदार बॅटरी व ४० वॅटची सौर पट्टी जोडलेली होती. यंत्र रात्रीचे १२ तास सरासरी ०.४ अँपिअर प्रवाह घेई, म्हणजे सुमारे ४.८ अँपिअर-तास. खोपीतील ५ वॅटचा दिवा सहा तास जळे, त्यास २.५ अँपिअर-तास लागत. एकूण रात्रीचा खर्च ७.३ अँपिअर-तास झाला.

उन्हाळ्यात ही पट्टी २.२ अँपिअरप्रमाणे पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतके काम करी व ११ अँपिअर-तास देई. वाटेतील घट वजा जाता सुमारे साडेनऊ बॅटरीत जमा होत. खर्चाहून जमा अधिक असल्याने बॅटरी रोज पूर्ण भरे. आषाढात मात्र दिवसभराचे ऊन जेमतेम दोन तासांच्या पूर्ण उन्हाइतके मिळाले. जमा चारवर आली, खर्च तेवढाच राहिला, आणि रोज ३.३ अँपिअर-तासांची तूट पडू लागली. सहा दिवसांत बॅटरी निम्म्यावर आली. मग शेतकऱ्याने दिवा बंद केला. त्यामुळे यंत्र चालू राहिले, पण बॅटरी दोन महिने अर्धी किंवा त्याहून कमी भरलेली अशीच राहिली. एकदाही ती पूर्ण भरली नाही.

आश्विनात लख्ख ऊन पडू लागल्यावर नियंत्रकाचा ‘बॅटरी पूर्ण’ दर्शविणारा दिवा सकाळी दहा वाजताच लागू लागला. शेतकऱ्यास वाटले, बॅटरी सुधारली. परंतु यंत्र पहाटेपूर्वीच बंद पडू लागले आणि काढणीला आलेल्या भुईमुगाचा एक पट्टा डुकरांनी एका रात्रीत उकरून टाकला. लवकर भरल्यासारखी दिसणे आणि लवकर संपणे, ही दोन लक्षणे एकत्र आली की रोग ओळखावा. त्याचे नाव सल्फेट साचणे, म्हणजेच सल्फेशन.

बॅटरीतील ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे असते, धन पट्टीवर शिशाचे ऑक्साइड असते, व दोहोंमध्ये पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. वीज काढून घेतली की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते व आम्ल खर्ची पडल्याने द्रावाची घनता उतरते. वीज भरली की हे सल्फेट विरघळून पुन्हा शिसे, ऑक्साइड व आम्ल बनते. म्हणून सल्फेट तयार होणे हा दोष नव्हे, ते बॅटरीचे नित्याचे काम आहे. दोष उत्पन्न होतो तो सल्फेट फार दिवस तसेच राहिल्याने.

आपल्या घरी काकवी भरून ठेवली की काही काळाने बरणीच्या तळाशी साखरेचे बारीक कण जमतात. ते तसेच ठेवले तर बारीक कण विरघळतात व त्यांचा अंश मोठ्या कणांवर बसून खडे वाढत जातात. बॅटरीतही तेच घडते. ताजे सल्फेट अतिशय बारीक कणांचे असल्याने सहज विरघळते. आठवडेच्या आठवडे त्यास भरणा मिळाला नाही, तर त्याचे मोठे, टणक स्फटिक बनतात. मोठ्या स्फटिकाचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने थोडा असल्याने तो फार सावकाश विरघळतो. शिवाय लेड सल्फेटमधून वीज वाहत नाही. त्यामुळे भरताना बॅटरीचा व्होल्टेज एकदम चढतो, बुडबुडे लवकर येतात, आणि बॅटरी भरली असे समजून नियंत्रक प्रवाह कमी करतो. प्रत्यक्षात निम्मे आम्ल सल्फेटच्या रूपाने पट्टीतच अडकून राहिलेले असते.

याची खात्री हायड्रोमीटरने करता येते. वरील बॅटरीची घनता पूर्ण भरल्यावर प्रत्येक घरात सुमारे १.२४० असावयास हवी होती. चार्जरने भरून, बुडबुडे येऊन, वाचन स्थिर झाल्यावरही ती १.१५० च्या आसपासच राहिली. सहाही घरांत वाचन सारखेच कमी होते, म्हणजे एखादेच घर बिघडलेले नव्हते. नंतर ४ अँपिअर घेणारे दिवे जोडून पाहता बॅटरी १०.८ व्होल्टपर्यंत उतरण्यास दहा तासांऐवजी पाचच तास लागले. चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी वीसची झाली होती. १ अँपिअरच्या मंद प्रवाहाने तीन दिवस भरल्यावर हा काळ साडेसहा तासांपर्यंत वाढला, पुढे वाढेना. कोवळे सल्फेट परतले, टणक झालेले परतले नाही.

आता कार्बनचा प्रश्न पाहू. ऋण पट्टीच्या लगद्यात थोडी काजळी घालण्याची पद्धत जुनीच आहे. दर किलोस दोन-तीन ग्रॅम, एवढे तिचे प्रमाण असे. जपानी संशोधकांनी १९९७ साली असे प्रसिद्ध केले की, हे प्रमाण अनेक पटींनी वाढविल्यास अर्धवट भरलेल्या स्थितीत काम करणाऱ्या बॅटरीचे आयुष्य वाढते. आजच्या शिसे-कार्बन बॅटऱ्यांत सामान्यतः दर किलोस १० ते २० ग्रॅम, क्वचित अधिक, कार्बन असतो. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेने यापुढे जाऊन ‘अल्ट्राबॅटरी’ बनविली. तिच्यात ऋण पट्टीस धारित्राचे काम करणाऱ्या कार्बनची जोड दिलेली असते.

हा कार्बन तीन प्रकारे उपयोगी पडतो. पहिला असा की, सल्फेटमधून वीज वाहत नसली तरी कार्बनमधून वाहते. पट्टीभर पसरलेले त्याचे कण एकमेकांस लागून वाटा तयार होतात व सल्फेटने वेढलेल्या भागापर्यंतही प्रवाह पोचतो. दुसरा असा की, स्फटिकांच्या मधल्या जागेत कार्बनचे कण बसल्याने स्फटिकांस वाढण्यास वाव कमी मिळतो. ते बारीक राहतात व थोडा प्रवाह मिळाला तरी विरघळतात. तिसरा असा की, कार्बनचा पृष्ठभाग फार मोठा असतो. भरताना शिशाच्या पृष्ठभागाबरोबर या पृष्ठभागावरही शिसे जमू शकते, असे बल्गेरियाचे शास्त्रज्ञ देच्को पाव्हलोव्ह यांनी दाखविले. यांपैकी कोणते कारण किती प्रभावी ठरते, हे कार्बनच्या जातीवर अवलंबून असते. साधी काजळी, ग्रॅफाइट व सच्छिद्र सक्रिय कार्बन यांचे गुण सारखे नसतात.

परंतु या उपायास मर्यादा आहेत. कार्बनवर हायड्रोजन वायू अधिक सहज सुटतो. त्यामुळे, विशेषतः अधिक व्होल्टेजने भरल्यास, पाणी लवकर आटते. बंद प्रकारच्या बॅटरीत पाणी घालता येत नसल्याने निर्मात्याने सांगितलेल्या व्होल्टेजप्रमाणेच नियंत्रक लावणे अगत्याचे आहे. दुसरे, हा कार्बन ऋण पट्टीत असतो. धन पट्टीची जाळी झिजणे, उष्णतेने आयुष्य घटणे, यांवर त्याचा इलाज नाही. तिसरे, वाहनांत होणाऱ्या जलद भरण्या-उतरण्यात त्याचा लाभ जितका ठळक दिसतो, तितका सौर यंत्रातील मंद प्रवाहात दिसेलच असे नाही. आणि जुन्या बॅटरीच्या घरांत वरून कोळशाची पूड टाकल्याने काही साधत नाही. कार्बन लगद्यातच मिसळलेला असावा लागतो. वरून टाकलेली पूड आम्ल मात्र नासवते.

खरेदीच्या वेळी केवळ नावावर विसंबू नये. पूर्ण भरून खोलवर उतरविण्याची आवर्तने किती, एवढेच विचारणे पुरेसे नाही. आपली अडचण अर्धवट भरणीची आहे. सौर बॅटऱ्यांच्या आय.ई.सी. ६१४२७ या चाचणीत, बॅटरी कमी भरलेली ठेवून ४० अंश सेल्सिअस तापमानात ५० उथळ आवर्तने करण्याचा व त्यानंतर अधिक भरलेल्या स्थितीत १०० आवर्तने करण्याचा क्रम आहे. या चाचणीचा निकाल विक्रेत्याकडे मागावा.

वर सांगितलेल्या शेतकऱ्याने पुढील वर्षी त्याच क्षमतेची, पाणी घालावयाची शिसे-कार्बन बॅटरी बसविली. त्याचबरोबर एक नियम पाळला. पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी बॅटरी घरी आणून वाऱ्याच्या जागी, ठिणगी व आगीपासून दूर ठेवून, ४ अँपिअरच्या चार्जरवर लावावयाची. बुडबुडे जोरात येऊ लागले की प्रवाह निम्मा करावयाचा, आणि तासातासाने घेतलेली घनतेची तीन वाचने सारखी येईपर्यंत भरणे थांबवावयाचे नाही. हंगामाअखेर तपासणीत ही बॅटरी नऊ तासांहून अधिक चालली. तिला शुद्ध पाणी मात्र पूर्वीच्या बॅटरीपेक्षा अधिक वेळा घालावे लागले.

एका बॅटरीवरून सिद्धांत मांडता येत नाही, व येथे श्रेय कार्बनचे किती आणि तीन आठवड्यांच्या भरण्याचे किती, हे वेगळे करता येत नाही. कार्बनमुळे सल्फेट टणक होण्यास अधिक अवधी लागतो, त्याची वाढ कायमची थांबत नाही. तो अवधी संपण्यापूर्वी बॅटरी एकदा पूर्ण भरणे हे शेतकऱ्याच्याच हाती आहे. ज्यांच्याकडे साधी बॅटरी आहे, त्यांनी हाच नियम दर आठ-दहा दिवसांनी पाळावा. प्रत्येक भरण्याच्या शेवटी सहाही घरांची घनता वहीत तारखेसह लिहून ठेवावी. पूर्ण भरल्यानंतरचा आकडा दर वेळी थोडा थोडा उतरताना दिसला, तर सल्फेट टणक होऊ लागले आहे असे समजावे व पीक काढणीला येण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात मंद प्रवाहाचा उपाय करावा.