पोटातलं पाणी तपासलं का?

सोलापूरकडचा पंचावन्न वर्षांचा एक शेतकरी. वजन साठ किलो. वर्षानुवर्षांच्या दारूने लिव्हर कडक झालेलं, सिरॉसिस. दारू सुटून वर्ष झालंय, पण पोटात पाणी झालं आहे. गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि पोट थोडं उतरतं. दर महिन्याला तपासणीला यायचं, हे ठरलेलं. या वेळी मात्र बायको आठ दिवस आधीच त्याला घेऊन आली. ताप नाही, उलटी नाही, पोट दाबलं तर किंचित दुखतं. ती एवढंच सांगते, “परवापासून हे वेगळंच बोलतायत. रात्रभर जागे असतात, दिवसा झोपतात.”

हा एकच माणूस नाही. सिरॉसिसच्या वॉर्डात ज्या प्रकारचे रुग्ण पुन्हा पुन्हा दिसतात, त्यांचं मिळून केलेलं हे चित्र आहे. त्या बाईच्या एका वाक्यात निदानाचा पहिला धागा आहे. लिव्हरच्या रुग्णाचं बोलणं अचानक बिघडलं, लघवी कमी झाली, क्रिएटिनिन चढलं, कावीळ वाढली, रक्ताची उलटी झाली किंवा नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हणून तो दाखल झाला, तरी पोटात पाणी असेल तर डॉक्टरांच्या मनात एक शंका आधी यायला हवी. हे पाणी आतल्या आत जंतूंनी नासलं तर नाही ना? या आजाराचं नाव आहे स्पॉन्टेनियस बॅक्टेरियल पेरिटोनायटिस. डॉक्टर त्याला ‘एसबीपी’ म्हणतात.

‘स्पॉन्टेनियस’ म्हणजे आपोआप झालेला. अपेंडिक्स फुटलं किंवा आतड्याला भोक पडलं की पोटात घाण सांडते आणि संसर्ग होतो. तिथे ऑपरेशन करावं लागतं. इथे तसं काहीच फुटलेलं नसतं. कडक झालेल्या लिव्हरमधून आतड्याकडचं रक्त नीट पुढे जात नाही. दाब वाढतो, आतड्याची भिंत सुजते आणि आतड्यात एरवी निमूट राहणारे ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला यांसारखे जंतू भिंत ओलांडून लसिकाग्रंथींत आणि तिथून रक्तात शिरतात. निरोगी लिव्हर त्यांना गाळून टाकतं. आजारी लिव्हरकडून ते होत नाही. शेवटी ते पोटातल्या पाण्यात पोचतात, आणि त्या पाण्यात जंतूंना धरून मारणारी प्रथिनं फार कमी असतात. अमेरिकन यकृततज्ज्ञ हॅरॉल्ड कॉन यांनी 1964 साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. त्या काळात हा आजार झालेले बहुतेक रुग्ण दगावत.

निदानासाठी सुई घालून पाणी काढावं लागतं, आणि नेमकं तिथेच घरचे लोक बिचकतात. ‘एकदा पाणी काढलं की सारखं काढावं लागतं’, ‘पाणी काढलं की माणूस जातो’ ही वाक्यं गावोगाव ऐकू येतात. पाणी पुन्हा भरतं ते लिव्हरच्या आजारामुळे, सुईमुळे नाही. पाणी काढल्यानंतर कुणी दगावला, तर बहुतेक वेळा त्याचा आजार आधीच फार पुढे गेलेला असतो. शिवाय तपासणीसाठी लिटरभर पाणी लागतच नाही. पन्नास मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या कपापेक्षा कमी पाणी पुरतं. पोटाच्या डाव्या बाजूला खाली, कमरेच्या हाडाच्या टोकापासून दोन बोटं वर आणि दोन बोटं आत, अशी जागा डॉक्टर शोधतात. सोनोग्राफीने पाहिलं तर आणखी चांगलं. त्वचा बधिर करून सुई आत जाते. सिरॉसिसमध्ये रक्त गोठण्याचा आयएनआर वाढलेला असतो. म्हणून काही ठिकाणी आधी प्लाझ्माच्या पिशव्या चढवतात आणि तोवर सुई थांबवतात. नुसत्या आयएनआरसाठी थांबायचं कारण नाही. या छोट्या प्रक्रियेत गंभीर रक्तस्राव क्वचितच होतो. थांबण्याची किंमत मात्र मोठी असते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, दाखल झाल्यापासून बारा तासांनंतर पाणी काढलेल्या एसबीपीच्या रुग्णांत रुग्णालयातला मृत्यूचा धोका जवळपास पावणेतीन पट आढळला.

काढलेलं पाणी दोन कामांसाठी वाटून घेतात. थोडं पाणी पेशी मोजण्यासाठी जांभळ्या टोपणाच्या नळीत जातं. प्रत्येकी दहा मिलिलिटर पाणी रक्ताच्या कल्चरसाठी असतात त्या बाटल्यांत जातं, तेही खाटेपाशीच. हा ‘खाटेपाशी’ शब्द महत्त्वाचा आहे. या आजारात पाण्यातले जंतू फार विरळ असतात, एका मिलिलिटरला एखाद-दुसरा. साध्या डबीत पाणी प्रयोगशाळेत पाठवलं, तर निम्म्याहून अधिक वेळा कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. बाटलीत लगेच टाकलं, तर जंतू सापडण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

तरीही उपचार कल्चरच्या उत्तरासाठी थांबत नाही. ते यायला दोन-तीन दिवस जातात. निदान ठरतं पेशींच्या आकड्यावर: एका घन मिलिमीटरला न्यूट्रोफिल 250 किंवा त्याहून जास्त असले की एसबीपी धरायचा. न्यूट्रोफिल या जंतूंवर सर्वांत आधी धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी. आपल्या शेतकऱ्याच्या पाण्यात एकूण पांढऱ्या पेशी 1200 निघाल्या आणि त्यांतल्या सत्तर टक्के न्यूट्रोफिल होत्या. म्हणजे 840. रिपोर्टवर कधी कधी एकूण पेशी आणि टक्केवारी वेगवेगळ्या ओळींत लिहिलेल्या असतात. गुणाकार केल्याशिवाय खरा आकडा दिसत नाही, आणि नुसत्या एकूण आकड्यावर विसंबलं की चूक होते. सुईमुळे पाण्यात रक्त मिसळलं असेल, तर दर 250 लाल पेशींमागे एक न्यूट्रोफिल वजा करतात. लाल पेशी 10,000 असतील तर वजा करायचे चाळीस. इथे 840 मधून चाळीस गेले तरी उत्तर बदलत नाही.

आपल्याकडे याच आकड्यांतून आणखी एक आजार डोकावतो. पाण्यात पेशी भरपूर, पण त्या न्यूट्रोफिल नसून लिम्फोसाइट असतील तर पोटाच्या क्षयाचा विचार करावा लागतो, आणि त्यासाठी एडीए ही तपासणी मदत करते. उलट, न्यूट्रोफिल प्रचंड, पाण्यातली साखर 50 मिलिग्रॅमच्या खाली, प्रथिनं जास्त आणि एकाहून अधिक प्रकारचे जंतू, असं दिसलं तर आतडं कुठेतरी फुटलेलं असू शकतं. मग सीटी स्कॅन आणि सर्जन लागतात. अशा वेळी फक्त अँटिबायोटिक देत बसणं घातक ठरतं.

शेतकऱ्याला त्याच संध्याकाळी सेफोट्रॅक्सिम सुरू झालं: दोन ग्रॅम, दर आठ तासांनी, शिरेतून. त्याच्याच घराण्यातलं सेफ्ट्रिॲक्सोनही चालतं. बहुतेकांना पाच दिवस पुरतात. दहा दिवस दिल्याने जास्त फायदा होत नाही, हे 1991 सालीच दिसलं आहे. किडनीला इजा करणारी जेंटामायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शनं इथे टाळतात, आणि दुखण्यावरच्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्याही.

पण हा साधा हिशेब घरून थेट आलेल्या रुग्णासाठी. जो आठ-दहा दिवस रुग्णालयात आहे, ज्याने अलीकडेच अँटिबायोटिक घेतली आहेत, त्याच्या पोटातले जंतू या औषधांना बहुधा दाद देत नाहीत. अनेक देशांतल्या सिरॉसिसच्या रुग्णांचा एक अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्या जंतूंपैकी सुमारे एकतृतीयांश जंतू अनेक औषधांना न जुमानणारे होते, आणि भारतातलं प्रमाण त्याहून कितीतरी जास्त होतं. म्हणून अशा रुग्णाला पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा मेरोपेनेमसारखं मोठं औषध त्या रुग्णालयातल्या जंतूंची सवय पाहून निवडतात, आणि कल्चरचं उत्तर आलं की शक्य तेवढं खाली आणतात. औषध लागू पडतंय का, हे ओळखायला दोन दिवसांनी पुन्हा थोडं पाणी काढतात. न्यूट्रोफिल निदान पंचवीस टक्क्यांनी तरी उतरायला हवेत. शेतकऱ्याचे 840 वरून 310 वर आले. औषध बदलायची गरज पडली नाही.

घरच्यांना सगळ्यात कोड्यात टाकतो तो पुढचा भाग. संसर्ग जंतूंचा, मग अल्ब्युमिनच्या एवढ्या महागड्या बाटल्या कशासाठी? कारण या आजारात माणूस जातो तो पुष्कळदा जंतूंनी नव्हे, तर किडनी बंद पडून. संसर्गाने रक्तवाहिन्या सैलावतात, किडनीपर्यंत पोचणारं रक्त कमी पडतं आणि लघवी आटत जाते. अल्ब्युमिन हे लिव्हरच तयार करत असलेलं प्रथिन. ते रक्तातलं पाणी वाहिन्यांच्या आत धरून ठेवतं.

1999 साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी हे तपासून पाहिलं. एसबीपीच्या 126 रुग्णांपैकी निम्म्यांना फक्त सेफोट्रॅक्सिम आणि निम्म्यांना त्याच्या जोडीला अल्ब्युमिन दिलं. पहिल्या गटात 63 पैकी 21 जणांची किडनी बिघडली, दुसऱ्या गटात सहा जणांची. रुग्णालयात पहिल्या गटातले 18 जण दगावले, दुसऱ्या गटातले सहा. अँटिबायोटिक दोन्हीकडे एकच होतं. एका प्रथिनाने एवढा फरक पडला, म्हणून ही मात्रा आजही जगभर वापरतात: पहिल्या दिवशी दर किलो वजनाला दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम.

साठ किलोच्या शेतकऱ्यासाठी ते झालं नव्वद ग्रॅम आणि साठ ग्रॅम. वीस टक्क्यांच्या शंभर मिलिलिटर बाटलीत वीस ग्रॅम असतं, म्हणजे आधी साडेचार बाटल्या आणि मग तीन. प्रत्येक बाटली काही हजारांची. त्याच्या मुलाने विचारलं, सगळ्याच लागतील का? प्रश्न रास्त आहे. क्रिएटिनिन एकच्या वर किंवा बिलिरुबिन चारच्या वर असेल, तर अल्ब्युमिनचा फायदा सर्वांत जास्त होतो. याचं क्रिएटिनिन 1.6 होतं. टाळण्यासारखी स्थितीच नव्हती. मात्र बाटल्या भराभर सोडून चालत नाही. फुप्फुसांत पाणी साचू शकतं. म्हणून दम लागतोय का, ऑक्सिजन किती, यावर नर्सचं लक्ष असावं लागतं. लघवीच्या गोळ्या या दिवसांत थांबवतात.

पाचव्या दिवशी तो बायकोशी नीट बोलू लागला. क्रिएटिनिन 1.1 वर आलं.

मग उरतो पुन्हा होण्याचा प्रश्न. एकदा एसबीपी होऊन गेलेल्या रुग्णांना रोज नॉरफ्लॉक्सासिनची 400 मिलिग्रॅमची गोळी देऊन 1990 साली अभ्यास झाला. वर्षभरात आजार उलटण्याची शक्यता गोळीशिवाय 68 टक्के होती, गोळीने ती 20 टक्क्यांवर आली. म्हणून एकदा आजार झाला की पोटातलं पाणी जाईपर्यंत किंवा लिव्हर बदलेपर्यंत गोळी चालू ठेवायचा सल्ला देतात. नॉरफ्लॉक्सासिन चालत नसेल तर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा को-ट्रायमॉक्सॅझोल देतात. आजार अजून झालेला नसला, तरी रक्ताची उलटी झालेल्या सिरॉसिसच्या रुग्णाला काही दिवस, जास्तीत जास्त सात, सेफ्ट्रिॲक्सोन देतात. पाण्यातली प्रथिनं दीड ग्रॅमपेक्षा कमी आणि सोबत लिव्हर-किडनी खूप बिघडलेली असेल, तर रोजच्या गोळीचा विचार होतो. सरसकट प्रत्येकाला मात्र नाही.

कारण या गोळीलाही किंमत आहे. महिनोन्‌महिने घेतली की आतड्यातले जंतू तिला सरावतात, आणि पुढचा संसर्ग झाला तर तो औषधाला न जुमानणारा असू शकतो. गोळी चालू आहे म्हणून पोट तपासायचं सोडता येत नाही. शेतकरी ॲसिडिटीची एक गोळी तीन वर्षं नेमाने घेत होता, ‘पोटाला बरी’ म्हणून. पोटातलं आम्ल दाबलं की आतड्यात जंतू फोफावतात, आणि या औषधांचा एसबीपीशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. गरज नव्हती, म्हणून डॉक्टरांनी ती बंद केली.

घरी जाताना त्याच्या बायकोच्या हातात एक कागद होता. त्यावर रोजची नॉरफ्लॉक्सासिन लिहिलेली, दुखण्याच्या गोळ्यांवर काट मारलेली, आणि खाली पुण्यातल्या यकृत प्रत्यारोपण केंद्राची पुढच्या मंगळवारची वेळ. एसबीपी झालेल्या रुग्णाचं लिव्हर फार दिवस साथ देईल याची खात्री नसते, म्हणून ती भेट लगेच ठरवली होती. कागदाच्या कोपऱ्यात डॉक्टरांनी पेनाने आणखी एक ओळ लिहिली होती: ‘वेगळं बोलू लागले, तर त्याच दिवशी आणा. पोटातलं पाणी तपासायला सांगा.’