पापड-शेवयांच्या मशिनसाठी ३५ टक्के अनुदान

परवा शेजारच्या वहिनींनी विचारलं, "पीएमएफएमईचे पैसे खात्यात कधी येतात हो?" पैसे थेट आपल्या खात्यात येतात, हाच गैरसमज अनेकांचा असतो, म्हणून लिहितोय.

ही योजना छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी आहे. पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान मिळतं. पण ते कर्जाला जोडलेलं असतं. कर्ज नाही, तर अनुदानही नाही.

समजा, मशिनरीचा खर्च ८ लाख. त्यातले किमान १० टक्के, म्हणजे ८० हजार तुमचे. ७ लाख २० हजार कर्ज. २ लाख ८० हजारांचं अनुदान थेट बँकेत येतं आणि तिथेच अडकून राहतं. कर्जाचा शेवटचा हप्ता मिळाल्यापासून तीन वर्षांनी खातं थकीत नसेल आणि युनिट चालू असेल, तरच ते कर्जात वळतं होतं.

वय १८ पूर्ण हवं. नवरा, बायको, मुलं मिळून एका कुटुंबात एकालाच लाभ. जागेची किंमत खर्चात धरत नाहीत.

फाइलमध्ये आधार, पॅन, बँक स्टेटमेंट, मशिनचं कोटेशन, जागेचा उतारा किंवा भाडेकरार आणि लाइट बिल ठेवा. चालू धंदा असेल तर उद्यम नोंदणी आणि अन्न परवानाही जोडा. लाइट बिलावर सासऱ्यांचं नाव आणि भाडेकरार दिरांचा, अशा फायली हमखास परत येतात!

प्रकल्प अहवालाला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करते, तेही फुकट. एजंट कशाला?

काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा.