आडवी स्लाइड उभी करताना

सभागृहात उत्तम दिसलेली स्लाइड इन्स्टाग्रामवर टाकली की एकदम केविलवाणी दिसते. कारण साधं आहे. पॉवरपॉइंटची नेहमीची स्लाइड १३.३३ इंच रुंद आणि ७.५ इंच उंच असते. फोनच्या सुमारे ७ सेंटिमीटर रुंदीत बसताना ती जवळपास पाच पट आक्रसते आणि २४ पॉइंटचं अक्षर ५ पॉइंटचं होऊन जातं. ते वाचायला भिंग लागेल!

म्हणून आधी फाइलची प्रत काढा. Design मधल्या Slide Size मध्ये जाऊन Custom Slide Size निवडा आणि रुंदी ११.२५ इंच, उंची १४.०६ इंच भरा. विंडोजवर PNG काढताना पॉवरपॉइंट सहसा एका इंचाचे ९६ पिक्सेल धरतं, त्यामुळे चित्र १०८० बाय १३५० चं, म्हणजे इन्स्टाग्रामच्या उभ्या पोस्टच्या मापाचं मिळतं. चौकोनी हवं असेल तर दोन्हीकडे ११.२५ भरा. पुढे पॉवरपॉइंट विचारतं, Maximize की Ensure Fit? पहिल्यात मजकूर कडेबाहेर जातो, दुसऱ्यात सगळं लहान होऊन वर-खाली मोकळी जागा उरते. काहीही बाहेर राहू नये म्हणून Ensure Fit घ्या. पण खरं काम इथून पुढे आहे.

समजा, पावसाचं पाणी साठवण्यावरची एक स्लाइड आहे. डावीकडे छताचा फोटो, उजवीकडे तीन मुद्दे, खाली हिशेब. तिची चार कार्डं करा. पहिल्यावर फोटो आणि प्रश्न : ‘तुमच्या छतावर किती पाणी पडतं?’ दुसऱ्यावर फक्त हिशेब : १०० चौरस मीटर छत, ७०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे ७०,००० लिटर. तिसऱ्यावर, गळती आणि बाष्पीभवन वजा जाता त्यातलं साधारण ८० टक्के, म्हणजे ५६,००० लिटर हाती येतं. हे वाक्य मूळ स्लाइडवर नव्हतं, वक्ता ते तोंडी सांगत होता. कार्डासोबत वक्ता जात नाही, म्हणून ते लिहावं लागतं. चौथ्यावर पन्हाळ, गाळणी, टाकी हे तीन मुद्दे एकाखाली एक.

या मापात मजकुराचं अक्षर ४४ पॉइंटचं ठेवलं, तर फोनवर ते वर्तमानपत्रातल्या अक्षराएवढं दिसतं. ओळींमधलं अंतर Exactly वर आवळू नका, नाहीतर वेलांटी आणि रफार वरच्या ओळीला चिकटतात. सगळी कार्डं एकाच मापाची हवीत, कारण इन्स्टाग्राम पहिल्या कार्डाचं प्रमाण बाकीच्यांना लावून कडा कापतं.

टाकण्याआधी चित्रं स्वतःच्या फोनवर पाठवून हात लांब करून पाहा. डोळे बारीक करावे लागले, तर अक्षर लहान करून मजकूर कोंबू नका, आणखी एक कार्ड वाढवा.